५५ टक्के स्कॉलरशिप आणि शेवटच्या आठ सीट

भिलाईत दहावीचे पेपर संपत येतात तसे रस्त्यांवरचे चेहरे बदलतात. सिव्हिक सेंटरकडे जा, सुपेल्याच्या चौकात थांबा नाहीतर दुर्गच्या दिशेला निघा, होर्डिंगवर हसरी मुलं तुमच्याकडे बघत असतात. प्रत्येकाच्या फोटोखाली रँक. सकाळच्या पेपरातून एक रंगीत पत्रक खाली पडतं आणि दुपारपर्यंत फोनवर मेसेज येतो की रविवारी स्कॉलरशिप टेस्ट आहे, प्रवेश मोफत.

तुमच्या घरात दहावी किंवा बारावीतलं मूल असेल, तर पुढचं तुम्हाला पाठ असेल. मूल टेस्ट देतं. दोन दिवसांनी फोन येतो. पलीकडून अगदी गोड आवाजात सांगितलं जातं, "बधाई हो सर, आपके बच्चे को पचपन परसेंट स्कॉलरशिप मिली है. लेकिन सीटें सिर्फ आठ बची हैं, संडे तक ही होल्ड कर पाएंगे." त्या संध्याकाळी जेवताना ताटापेक्षा फोनकडे जास्त लक्ष असतं. आजी विचारते, "कोणतं कॉलेज?" तिला सांगावं लागतं की कॉलेज नाही, कोचिंग.

ही गोष्ट भिलाईत जरा जास्तच जाणवते. पोलाद कारखान्यामुळे वसलेलं हे गाव. देशभरातून माणसं इथे नोकरीला आली, त्यात नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबंही होती. टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलाला किती टक्के पडले हे आपल्याला आपल्या मुलाआधी कळतं. त्यात २०१६ पासून इथे आयआयटीही आहे. त्यामुळे दोन वर्षांची कोचिंग फी ही अनेक घरांत टीव्ही-फ्रिजपेक्षा कितीतरी मोठी खरेदी असते, आणि टीव्ही घेताना आपण चार दुकानं फिरतो तेवढंही इथे फिरत नाही.

मार्केटिंगच्या पुस्तकांत तीन शब्द नेहमी एकत्र येतात: अँकरिंग, सोशल प्रूफ आणि स्केअरसिटी. पहिला म्हणजे आधी ऐकलेल्या आकड्याला मनाने बांधलं जाणं, दुसरा म्हणजे चार लोक करतात म्हणून ते बरोबर वाटणं, आणि तिसरा म्हणजे टंचाई दिसली की वस्तू मौल्यवान वाटणं. वरच्या एका फोन कॉलमध्ये आणि होर्डिंगमध्ये तिन्ही आहेत. ते एकमेकांना कसा हात देतात हे बघायला भिलाईतल्या कोचिंगइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही. खाली जी फी आणि ज्या बॅचेस येतील त्या हिशेब समजावा म्हणून मी धरल्या आहेत, त्या कोणत्याही एका संस्थेच्या नाहीत.

एक लाख ऐंशी हजारांचा नांगर

काउन्सेलरच्या खोलीत बसल्यावर तुमच्यासमोर आधी एक छापील कागद येतो. त्यावर वर्षाची फी लिहिलेली असते, समजा १,८०,००० रुपये. मग पेनने त्यावर रेघ मारली जाते आणि शेजारी लिहिलं जातं ८१,०००. पंचावन्न टक्के स्कॉलरशिप. तुम्ही मनात वजाबाकी करता: ९९,००० वाचले. खोलीतून बाहेर पडताना तुमच्या डोक्यात हाच आकडा असतो.

जहाजाने नांगर टाकला की ते थोडंफार हलतं, पण त्या जागेपासून लांब जात नाही. अँकरिंग हे नाव त्यावरूनच आलं. १९७४ साली अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला, तो आज बऱ्याच जणांना माहीत आहे. लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचं एक चक्र फिरवलं. चक्रात गडबड केलेली होती, ते फक्त १० किंवा ६५ वर थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? आधी या आकड्यापेक्षा जास्त की कमी ते सांगा, मग तुमचा अंदाज सांगा. ज्यांनी १० पाहिला त्यांच्या अंदाजाचा मध्य २५ आला, आणि ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे कुणालाही कळेल. तरी आकडा चिकटला.

असं का होतं? मन त्या आकड्यापासून निघतं आणि खाली सरकत सरकत जिथे 'बरं वाटतं' तिथे थांबतं, पुरेसं खाली जातच नाही. शिवाय मोठा आकडा ऐकला की मन त्याला शोभणारी कारणं स्वतःच शोधू लागतं: एसी वर्ग आहेत, कोट्याहून सर येतात, छापील मटेरियल जाड आहे. म्हणजे १,८०,००० ही रक्कम कुणी भरत नसली तरी ती तुमच्यासाठी काम करत राहते.

तुम्ही म्हणाल, मी काही भोळा नाही, मला हे खेळ कळतात. इथे १९८७ चा एक अभ्यास आठवण्यासारखा आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात विद्यार्थ्यांना आणि घरांच्या अनुभवी दलालांना एक खरं घर दाखवलं. सगळ्यांना घराची माहिती सारखीच दिली, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळी छापली. जास्त किंमत पाहिलेल्यांनी घराचं मोल जास्त सांगितलं. दलालही त्याला अपवाद नव्हते. फरक एवढाच की बहुतेक दलालांनी सांगितलं, मागितलेल्या किमतीकडे आम्ही बघतच नाही. मला तरी यातला हा शेवटचा भागच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'मला कळतं' हे वाटणं आणि आकड्याचा परिणाम होणं या दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदतात.

मग करायचं काय? काउन्सेलरच्या खोलीत जायच्या आधी घरीच एका कागदावर तुमचा स्वतःचा आकडा लिहा. वर्षाला किती देऊ शकतो, आणि त्या बदल्यात किती तास शिकवणं हवं. खोलीत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: "सगळं धरून खिशातून किती जाणार?" कारण वरच्या ८१,००० वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १४,५८० आणखी. एकूण ९५,५८०. कागदावर रेघ मारताना हा आकडा बहुधा कुणी लिहीत नाही.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे, पण विचाराच: "गेल्या वर्षी या बॅचमध्ये पूर्ण १,८०,००० किती मुलांनी भरले?" उत्तर 'कुणीच नाही' किंवा नुसतं हसू असेल, तर ती किंमत नव्हतीच, ती वजाबाकी करण्यासाठी छापलेली रक्कम होती. सगळ्यांनाच स्कॉलरशिप मिळते तेव्हा तिला स्कॉलरशिप म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता गावातली दुसरी संस्था घ्या. तिथे टेस्ट नाही, सूट नाही, जीएसटीसह सरळ ७५,०००. खूप पालकांना ही संस्था 'साधी' वाटते. ताशी हिशेब करून बघू. पहिल्या संस्थेत आठवड्याला ५ दिवस, रोज ४ तास, ४० आठवडे. म्हणजे ८०० तास. ९५,५८० भागिले ८००, तासाला १२० रुपयांच्या जरा आत. दुसरीत रोज ३ तास, म्हणजे ६०० तास, तासाला १२५ रुपये. म्हणजे ताशी दराने पाहिलं तर मोठी संस्था महाग ठरत नाही! पण पहिलीत एका वर्गात ९० मुलं आहेत आणि दुसरीत ३५. तुमची मुलगी वर्गात हात वर करून शंका विचारणारी आहे की गर्दीतही स्वतःचं स्वतः करणारी, यावर निर्णय फिरेल. गंमत बघा, या सगळ्या हिशेबात १,८०,००० हा आकडा एकदाही लागला नाही.

घरी बसून आणखी एक करता येतं. २००० साली जर्मनीत गाड्यांच्या जाणकारांवर एक प्रयोग झाला होता. एका जुन्या गाडीची किंमत सांगायच्या आधी त्यांना सुचवलेला आकडा चुकीचा का असू शकेल याची कारणं द्यायला लावली, तेव्हा त्या आकड्याची पकड सैल झाली, पूर्ण सुटली नाही तरी. तेव्हा घरी आल्यावर 'ही फी जास्त का असेल?' याची दोन कारणं नवऱ्याने लिहावीत आणि दोन बायकोने. बोलून चालत नाही, लिहावी लागतात.

होर्डिंगवरचे चेहरे

चार लोक जिथे जातात तिथे जावं, यात मुळात मूर्खपणा काहीच नाही. अनोळखी गावात ज्या खानावळीत गर्दी आहे तिथे आपण जेवतो आणि बहुतेक वेळा बरं जेवण मिळतं. रॉबर्ट चालडिनी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात याला सोशल प्रूफ म्हटलं. ही खूण तेव्हाच चांगली चालते, जेव्हा त्या चार लोकांनी आपापल्या अनुभवाने निवड केलेली असते. एकमेकांकडे बघून निवड केली असेल, तर चार लोक म्हणजे खरं तर एकच माणूस.

२००६ साली मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी हे फार छान दाखवलं. त्यांनी इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली आणि १४,००० हून जास्त लोकांना ती ऐकू दिली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसायची. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं आणि तिथे आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेही दिसायचं. आठही जगांत सुरुवात शून्यापासून. तरी प्रत्येक जगात वेगळंच गाणं वर गेलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचं काय होईल हे सांगता येत नव्हतं. सुरुवातीला कुणाला चार डाउनलोड जास्त मिळाले, यावरच पुष्कळ ठरलं.

सेक्टरमधल्या गल्लीत हेच होतं. शेजारच्या काकूंनी मुलाला अमुक ठिकाणी घातलं, कारण त्यांच्या भावजयीने घातलं होतं, आणि तिने घातलं कारण होर्डिंग मोठं होतं. आपल्याला मात्र वाटतं की तीन कुटुंबांनी चौकशी केली आहे.

होर्डिंगचं तर वेगळंच आहे. तिथे वर फक्त अंश असतो, खालचा छेद नसतो. '१२ सिलेक्शन' हे ६०० पैकी असतील तर २ टक्के झाले. शेजारच्या संस्थेचे '४ सिलेक्शन' ६० पैकी असतील तर ते जवळजवळ ७ टक्के झाले. बारा मोठे दिसतात, पण आपल्याला मुलाची शक्यता मोजायची असेल तर चार जास्त बोलतात.

'सिलेक्शन' या शब्दातही बरंच मावतं. २०२४ मध्ये जेईई अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर सुमारे १,८०,००० मुलांनी दिले, त्यातली ४८,२४८ पात्र ठरली, आणि आयआयटीतल्या जागा होत्या १७,७४०. पात्र ठरलेल्या प्रत्येक तिघांमधल्या जवळजवळ दोघांना आयआयटीत जागाच नव्हती. तेव्हा फोटोखाली 'क्वालिफाइड' लिहिलं असेल तर विचारा, मुलगा आज कोणत्या कॉलेजात आहे?

आणि तो मुलगा त्या संस्थेत काय शिकला? हा प्रश्न केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिल्लीतल्या यूपीएससी क्लासेसना विचारला, तेव्हा जे बाहेर आलं ते प्रत्येक पालकाने वाचावं असं आहे. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत ९३३ जणांची निवड झाली होती. खान स्टडी ग्रुप या संस्थेने जाहिरात केली की त्यातले ६८२ आमचे. चौकशीत दिसलं की त्या ६८२ पैकी ६७४ जणांनी फक्त मॉक इंटरव्ह्यूचा कार्यक्रम केला होता, आणि तो मोफत होता. म्हणजे लेखी परीक्षा पास होऊन, मुलाखतीच्या दारात उभी असलेली मुलं ती. दुसरा कोर्स घेतलेले उरले ८. प्राधिकरणाने ५ लाखांचा दंड केला. जाहिरातीतली नावं खरी होती. वाचणाऱ्याने मनात 'इथे शिकून झाले' हे वाक्य स्वतः जोडून घ्यावं, एवढीच सोय केलेली होती.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग-मेडिकल कोचिंगमध्ये हाच प्रकार टेस्ट सिरीज, सुट्टीतला क्रॅश कोर्स किंवा दुसऱ्या शहरातल्या शाखेच्या रूपाने येऊ शकतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला त्या लागू आहेत. मुलाचा फोटो वापरायचा तर निकाल लागल्यानंतर त्याची लेखी संमती हवी. प्रवेश घेतानाच सही करून घेतलेली चालत नाही. फोटोसोबत रँक, कोणता कोर्स, आणि त्याचे पैसे भरले होते की नाही, हे द्यायला हवं. आणि खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेली टीप चालत नाही, टीप दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवी. पुढच्या वेळी सुपेल्याच्या चौकात सिग्नलला थांबलात की वर बघा आणि फोटोखाली कोर्सचं नाव दिसतं का ते शोधा.

सगळं खरं असलं तरी एक गोष्ट राहतेच, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मोठ्या संस्था टेस्टमध्ये पहिल्या आलेल्या मुलांना जवळजवळ फुकट घेतात, त्यांची वेगळी बॅच करतात आणि सगळ्यात अनुभवी शिक्षक त्यांना देतात. वरच्या उदाहरणातले ६०० विद्यार्थी घ्या. समजा त्यातली ४० मुलं अशा स्टार बॅचमध्ये आहेत आणि १२ पैकी ११ सिलेक्शन तिथलेच आहेत. मग उरलेल्या ५६० मुलांमधून आलेलं सिलेक्शन एक. तुमच्या मुलाला ५५ टक्के सूट मिळाली म्हणजे तो बहुधा त्या ५६० मध्ये बसणार आहे. होर्डिंग ४० जणांचं आहे, पावती ५६० जणांची. तेव्हा थेट विचारा: "माझं मूल ज्या बॅचमध्ये बसणार, त्या बॅचमधून गेल्या वर्षी किती, आणि त्या बॅचला शिकवणार कोण?"

शेजाऱ्यांना विचारायचंच असेल तर टॉपरच्या घरी पेढे खायला जाण्यापेक्षा, ज्याच्या मुलाला मधले मार्क होते त्या घरी चहाला जा. शंका विचारायला वेळ मिळायचा का, सर वर्षाच्या मध्ये बदलले का, मागे पडल्यावर कुणी फोन केला का. अशी तीन घरं, तीही एकमेकांच्या ओळखीची नसलेली, होर्डिंगवरच्या बारा चेहऱ्यांपेक्षा जास्त सांगतील.

फक्त आठ

जुन्या लोकांना टंचाई काय ते पुस्तकातून शिकावं लागलं नाही. बजाज चेतक स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघितलेले काका-आजोबा टाउनशिपमध्ये अजून भेटतील. ती टंचाई खरी होती. किती स्कूटर बनवायच्या यावर सरकारी परवान्याची मर्यादा होती आणि घेणारे कितीतरी जास्त होते.

टंचाईने चव बदलते का, हे १९७५ मध्ये स्टीफन वर्शेल आणि सहकाऱ्यांनी बिस्किटांवर तपासलं. एका बरणीत १० बिस्किटं, दुसरीत २. बिस्किटं एकाच प्रकारची. दोन असलेल्या बरणीतली लोकांना जास्त हवीशी वाटली. बरणीत आधी १० होती आणि समोरच २ झाली, तेव्हा ओढ आणखी वाढली. आणि 'इतर लोकांना फार लागली म्हणून कमी झाली' असं सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त. काउन्सेलर मॅडम सोमवारी "बीस सीटें हैं" आणि गुरुवारी "बस आठ बची हैं, कल बहुत एडमिशन हुए" म्हणतात, तेव्हा तीच बरणी तुमच्यासमोर असते. टंचाई आणि चार लोक, दोन्ही एका वाक्यात.

माझ्या मते या तिघांमध्ये टंचाईचं काम सगळ्यात वेगळं आहे. ती तुमचा वेळ काढून घेते. फीचा ताशी हिशेब, बॅचचा छेद, मधल्या मार्कांच्या मुलाच्या घरचा चहा, या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात. 'रविवारपर्यंत' म्हटलं की ते दिवसच उरत नाहीत, आणि मग हातात राहतं ते काय? रेघ मारलेला आकडा आणि फोटो.

खरी टंचाई असतेही. परीक्षेची तारीख पुढे जात नाही. एखादे नावाजलेले सर ठरवून ३५ च मुलं घेतात आणि छत्तिसाव्याला नाही म्हणतात. फरक ओळखायचा कसा? खऱ्या टंचाईला कारण असतं आणि ते विचारलं की सांगता येतं: वर्गात बाक इतके आहेत, सर एकच आहेत. विचारा, बॅच किती मुलांची आहे, आज किती भरली, पुढची बॅच कधी सुरू होणार. आठ सीट संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात 'नवीन बॅच' उघडणार असेल, तर सीट संपतच नाहीत. मग म्हणा, "रविवारनंतर ही स्कॉलरशिप मिळणार नाही, एवढं संस्थेच्या लेटरहेडवर लिहून द्या." खोटी घाई सहसा कागदावर उतरत नाही, कारण सीट कमी असल्याचं किंवा मागणी फार असल्याचं खोटं भासवायला त्याच २०२४ च्या सूचनांमध्ये मनाई आहे. आणि रविवार जाऊ दिलात तर बऱ्याचदा मंगळवारी फोन येतो, "सर, आपके लिए स्पेशल परमिशन ली है." येईलच असं मी सांगू शकत नाही. चांगल्या सरांची छोटी बॅच असेल तर ती खरंच भरून जाईल, म्हणून कारण विचारणं महत्त्वाचं.

सहावी-सातवीच्या 'फाउंडेशन' बॅचसाठी घाई होत असेल तर एवढं लक्षात ठेवा: जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या कोचिंगविषयक सूचनांमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं म्हटलं आहे. त्या अमलात आणणं राज्यांच्या हातात आहे, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र वेगळं दिसतं. पण 'आत्ता नाही घातलं तर मागे पडेल' असं कुणी म्हणालं तर बोलायला एक मुद्दा तुमच्याकडे असतो.

फी भरलीच, आणि मूल रमलं नाही तर

हे होतं. तीन महिन्यांनी मूल म्हणतं, मला जमत नाहीये. तेव्हा घरात सगळ्यात आधी ९५,५८० आठवतात. त्याच जानेवारी २०२४ च्या सूचनांमध्ये लिहिलं आहे की पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी १० दिवसांत परत करावी, आणि कोर्स चालू असताना फी वाढवू नये. म्हणून सही करताना फॉर्मवरची रिफंडची ओळ शोधा. 'फी किसी भी स्थिति में वापस नहीं होगी' असं छापलं असेल तर सही करण्याआधी बोला, नंतर नाही. शक्य असेल तर वर्षाची फी एकदम भरू नका, हप्त्यांत भरा, थोडं जास्त पडलं तरी.

छापील पत्रक, होर्डिंगचा फोनवर काढलेला फोटो, 'आठ सीट' वाला मेसेज आणि जीएसटी लिहिलेली पावती, हे चार कागद एका पाकिटात ठेवा. बोलण्याला पुरावा नसतो, मेसेजला असतो. अडचण आली तर आधी संस्थेला लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ते संस्थेशी बोलतात. तरीही सुटलं नाही तर दुर्गला जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रार दाखल करायला फी लागत नाही, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. अर्ज हिंदीत लिहून चालतो. सोबत ते पाकीट न्या.